पहाटे तीन ते सकाळी आठ

बिहारमधल्या मुझफ्फरपूरमध्ये १९९५ पासून उन्हाळ्यात एक आजार डोकावत असे. रात्री धडधाकट झोपलेलं मूल पहाटे किंचाळत उठायचं, झटके यायचे, शुद्ध हरपायची आणि कित्येकदा मृत्यूच ओढवायचा. स्थानिक लोक त्याला 'चमकी बुखार' म्हणत. कोणी जपानी मेंदूज्वराकडे बोट दाखवलं, कोणी उष्माघाताकडे, तर कोणी कीटकनाशकांकडे. अशा वेळी साथरोगतज्ज्ञ थेट कारण शोधत सुटत नाहीत. आधी तीन साधे प्रश्न विचारतात: कोणाला, कुठे आणि कधी?

पण त्याआधी रुग्ण कोणाला म्हणायचं हे ठरवावं लागतं. २०१४ मध्ये इथल्या दोन रुग्णालयांत दाखल झालेली, १५ वर्षांपर्यंतची, नव्याने झटके आलेली किंवा शुद्ध हरपलेली मुलं मोजली गेली. व्याख्येत 'ताप' सक्तीचा केला असता, तर ताप नसलेली मुलं यादीतून गळली असती आणि आजार संसर्गजन्य असल्याचा भास आपणच निर्माण केला असता. २६ मे ते १७ जुलै या काळात अशी ३९० मुलं नोंदली गेली, त्यांतली १२२ दगावली.

आता 'कोणाला'. सुमारे ७२ टक्के मुलं १ ते ५ वर्षांची होती. हा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही, कारण त्या वयाची मुलं मुळात किती आहेत हे कळायला हवं. प्रत्येक वयाची मुलं सारखीच धरली, तर १५ वर्षांपर्यंतच्या मुलांत हा गट साधारण एक तृतीयांश भरतो. म्हणजे इतर वयांच्या मानाने या वयाला धोका पाचपटीहून अधिक. मुलगे ५५ टक्के होते, पण त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नये. आजारी मुलाला रुग्णालयात नेण्याची धडपड मुलीसाठी कमी होत असेल, तरीही आकडा असाच दिसेल.

'कुठे' या प्रश्नाचं उत्तर अनपेक्षित होतं. रुग्ण जिल्हाभर विखुरलेले होते, आणि बहुतेक गावांत एखादंच मूल आजारी पडलं होतं. माणसाकडून माणसाला पसरणारा रोग भावंडांत, शेजारपाजारी झुपके करतो. इथे तसं दिसेना. नकाशावर ठिपके मांडताना मात्र एक जपावं लागतं: दाट वस्तीत ठिपके जास्त दिसणारच, म्हणून लोकसंख्येच्या प्रमाणातच पाहायचं.

सर्वात बोलका ठरला तो 'कधी'. साथ मेच्या अखेरीस उसळायची, जूनच्या मध्यावर शिखर गाठायची आणि पावसाबरोबर ओसरायची. लिचीचा हंगामही नेमका तेवढाच. पण त्याच दिवसांत ऊनही असतं, आंबेही असतात. एकाच हंगामात दहा गोष्टी डोकं वर काढतात आणि आलेखावर सगळ्या सारख्याच दोषी दिसतात. गावांच्या किंवा महिन्यांच्या आकड्यांवरून एकेका मुलाबद्दल निष्कर्ष काढण्याची चूक इथेच होते.

ही कोंडी फोडली ती दुसऱ्या घड्याळाने. झटके बहुधा पहाटे ३ ते सकाळी ८ या वेळात सुरू होत होते. उष्माघात असता तर दुपार भरली असती. जपानी मेंदूज्वराचा जोर पावसाळ्यात आणि त्यानंतर वाढतो. शिवाय बहुतेक मुलांच्या मणक्यातल्या पाण्यात संसर्ग दाखवणाऱ्या पेशी वाढलेल्या नव्हत्या. पहाट म्हणजे रात्रभराच्या उपाशीपणाचं टोक. तपासलेल्या ३२७ मुलांपैकी ६२ टक्क्यांची रक्तशर्करा ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून कमी होती. पालक सांगत होते की मुलं दिवसभर बागेत लिची खातात आणि रात्री जेवायला बघत नाहीत.

इथे गृहीतक तयार झालं: लिचीतलं काहीतरी उपाशी शरीराला साखर तयार करू देत नाही. याला जुना संदर्भ होता. जमैकामध्ये लिचीच्याच कुळातलं कच्चं अॅकी फळ खाऊन असाच आजार होतो, तो त्यातल्या हायपोग्लायसिन ए या द्रव्यामुळे. हे द्रव्य आणि लिचीत सापडणारा त्याचा भाईबंद, एमसीपीजी, शरीराला चरबीपासून ऊर्जा मिळू देत नाहीत आणि नवी साखरही बनू देत नाहीत. लहान, कुपोषित मुलाच्या यकृतातला साखरेचा साठा रात्रीतच संपतो. म्हणून वय, हंगाम, पहाट आणि एखादंच मूल, हे सगळं या एका गृहीतकात बसतं. बागेत सगळीच मुलं जातात, पण ती सगळीच उपाशी झोपत नाहीत.

गृहीतक पुढे तपासलं गेलं. १०४ आजारी मुलांची तुलना रुग्णालयातल्या, इतर आजारांच्या, त्याच वयोगटातल्या १०४ मुलांशी झाली. आजारी मुलांत आदल्या चोवीस तासांत लिची खाल्ली असण्याची शक्यता ९.६ पट निघाली. रात्री न जेवलेल्यांत लिचीचा आजाराशी संबंध ७.८ पट होता, जेवलेल्यांत ३.६ पट. ज्या ७३ आजारी मुलांची लघवी तपासली, त्यांतल्या ४८ जणांत या विषद्रव्यांचे अंश सापडले.

उरलेल्या २५ जणांचं काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. बांगलादेशातल्या २०१२ च्या अशाच एका उद्रेकात संशोधकांनी संशय लिचीऐवजी बागेतल्या कीटकनाशकांवर घेतला. तरीही मुझफ्फरपूरपुरता सल्ला स्पष्ट झाला: मुलाला रात्री जेवल्याशिवाय झोपू द्यायचं नाही, लिची, विशेषतः कच्ची, कमी खाऊ द्यायची, आणि झटके आलेलं मूल दाखल होताच आधी रक्तशर्करा पाहून ग्लुकोज द्यायचं.