लाल मांडवी, हिरवी झुआरी आणि एकच करडी रेघ

फोंड्याच्या एखाद्या उच्च माध्यमिक शाळेतली भूगोलाची स्लाइड समजा. मांडवी आणि झुआरी यांच्या पाण्याचा खारटपणा महिन्यागणिक कसा बदलतो, याचा आलेख. मांडवी लाल, झुआरी हिरवी. जूनमध्ये पाऊस लागला की दोन्ही रेघा घसरतात. पडद्यावर छान दिसतं. तेच काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरवर काढलं, की कुठली रेघ कुठल्या नदीची हे मास्तरांनाही सांगता येत नाही.

दोष प्रिंटरचा नाही, गणिताचा आहे. रंगातला लाल भाग R, हिरवा G आणि निळा B धरून करडी छटा Y काढण्याचं एक रूढ सूत्र असं:

```
Y = 0.299 R + 0.587 G + 0.114 B
```

आपल्या डोळ्यांना हिरवा सर्वांत उजळ वाटतो आणि निळा सर्वांत मंद, म्हणून वजनं अशी असमान. भडक लाल (255, 0, 0) घातला की उत्तर येतं 76. गडद हिरवा (0, 128, 0) घातला की 75. शून्य म्हणजे काळा आणि 255 म्हणजे पांढरा. एवढ्या पट्टीवर एकाचा फरक कुणाला दिसणार? प्रत्येक सॉफ्टवेअरचं सूत्र अगदी हेच असेल असं नाही, पण या जोडीची गत साधारण तीच होते. पिवळा (255, 255, 0) तर 226 वर जातो, म्हणजे पांढऱ्या कागदावर जवळपास गायबच.

तेव्हा रंग नव्हे, उजळपणा बदलायचा. मांडवी गडद निळी (0, 0, 128) केली तर 15 येतात, झुआरी नारिंगी (255, 165, 0) केली तर 173. त्यातही झुआरीची रेघ जाड आणि तुटक करावी, आणि कोपऱ्यातल्या रंगसूचीऐवजी नदीचं नाव रेघेच्या टोकालाच लिहावं. मग रंग उरला नाही तरी बिघडत नाही.

अक्षरांचं दुखणं वेगळं. लेझर प्रिंटरकडे करडी शाई नसतेच. काळ्या टोनरचे ठिपके विरळ-दाट टाकून तो करड्याचा भास निर्माण करतो. 600 डीपीआयवर, म्हणजे इंचाला 600 ठिपके असताना, 8×8 ठिपक्यांचा एक चौकोन धरला तर त्याची बाजू सुमारे 0.34 मिलिमीटर भरते. बारीक अक्षराची रेघ त्याहून पातळ असते, म्हणून करडं अक्षर कडांना कुरतडल्यासारखं दिसतं. त्यात एका पानावर सहा स्लाइड बसवल्या की 18 पॉइंटचा मजकूर जेमतेम चार-पाच पॉइंटचा उरतो. मजकूर महत्त्वाचा असेल तर पानावर दोनच स्लाइड घ्याव्यात, आणि अक्षरं शुद्ध काळी.

पॉवरपॉइंटमध्ये `View` खाली `Grayscale` निवडलं की छपाईआधीच हे सगळं दिसतं. एखादी आकृती फारच काळवंडली असेल तर तिथेच ती निवडून `Light Grayscale` करता येते. मूळ रंगीत स्लाइड जशीच्या तशी राहते. पण वर्गासाठी एकच प्रत छापून बाकीच्या झेरॉक्सवर काढणार असाल, तर इथवरचं पाहणं पुरेसं नाही. झेरॉक्स यंत्र छापलेले ठिपके नव्याने वाचतं, विरळ ठिपके गाळतं आणि दाट ठिपके एकमेकांत मिसळून टाकतं. म्हणून आधी एकाच पानाची झेरॉक्स काढून त्या दोन रेघा वेगळ्या ओळखू येतात का ते बघावं, मगच पूर्ण गठ्ठा यंत्रावर ठेवावा.