फळ्यावरचं नाव : वर्गातल्या शिस्तीच्या दोन परंपरा कुठून आल्या

बाई अपूर्णांक शिकवताहेत. तिसऱ्या बाकावरचा मुलगा दुसऱ्यांदा मध्येच मोठ्याने काहीतरी बोलतो आणि पाच-सहा जण हसतात. बाई काही न बोलता फळ्याच्या कोपऱ्यात त्याचं नाव लिहितात आणि शिकवणं पुढे चालू ठेवतात. जगभरच्या शाळांत ओळखीचं असलेलं हे दृश्य अमेरिकेत 1976 मध्ये पद्धतशीर योजनेचा भाग झालं. कॅलिफोर्नियातले ली कँटर आणि त्यांच्या पत्नी मार्लीन कँटर यांनी त्या वर्षी ‘असर्टिव्ह डिसिप्लिन’, म्हणजे ठाम शिस्त, या नावाचं पुस्तक काढलं. त्याच नावाच्या शिबिरांतून पुढे लाखो शिक्षक गेले.

कँटरांचा मूळ विचार मुलांच्या मानसशास्त्रातून आलेला नव्हता. त्या दशकात मोठ्यांसाठी ‘असर्टिव्हनेस ट्रेनिंग’चे वर्ग जोरात होते. स्वतःची गरज न घाबरता आणि समोरच्यावर न खेकसता कशी सांगायची, हे तिथे शिकवत. कँटरांनी तीच चौकट शिक्षकाला लावली आणि शिक्षकांचे तीन प्रकार केले. पहिला मुळमुळीत, “किती वेळा सांगू रे तुला” म्हणत राहणारा. दुसरा आक्रमक, टाकून बोलणारा. तिसरा ठाम. त्याला काय हवं ते तो स्पष्ट सांगतो, आणि सांगितलेलं करतो. शिकवणं हा शिक्षकाचा हक्क आहे आणि तो हिरावून घ्यायचा अधिकार कुठल्याच मुलाला नाही, हे या मांडणीचं मूळ सूत्र.

योजना म्हणून ती अगदी नेटकी होती. मोजकेच नियम, आणि मोडले तर काय होईल याची शिडी वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करायची. पहिल्यांदा नियम मोडला की फळ्यावर नाव, म्हणजे ताकीद. मग नावापुढे एक खूण आणि मोकळ्या वेळातली काही मिनिटं वजा, दुसऱ्या खुणेला आणखी काही मिनिटं. तिसऱ्या खुणेला घरी फोन, चौथीला मुख्याध्यापक. मारामारीसारखा गंभीर प्रकार असेल तर शिडी सोडून थेट मुख्याध्यापकांकडे. चांगलं वागल्याबद्दल बरणीत गोटी टाकायची आणि बरणी भरली की साऱ्या वर्गाला बक्षीस. मुलाने वाद घातला तर अडकलेल्या तबकडीसारखं तेच वाक्य म्हणायचं. “पण आधी त्यानेच मला...” “असेल, पण मला तू जागेवर बसलेला हवा आहेस.” “पण सर...” “कळलं. मला तू जागेवर बसलेला हवा आहेस.” असं फार तर तीनदा, मग शिडीची पुढची पायरी. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची पाटी कोरी.

हे इतकं का पसरलं, याचं उत्तर त्या काळात आहे. गॅलप संस्था 1969 पासून शाळांबद्दल अमेरिकी लोकांचं मत दरवर्षी घेत होती, आणि शाळांपुढची सर्वांत मोठी अडचण म्हणून बहुतेक वर्षी लोक शिस्तीचंच नाव घेत. दुसरीकडे 1975 मध्ये ‘गॉस विरुद्ध लोपेझ’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की विद्यार्थ्याला दहा दिवसांपर्यंत जरी शाळेबाहेर ठेवायचं असलं, तरी आधी आरोप सांगून त्याची बाजू ऐकायला हवी. मला वाटतं, अशा वातावरणात आधी जाहीर केलेली, सगळ्यांना सारखी लागू होणारी, कागदावर दाखवता येणारी शिडी शाळाचालकांना शिक्षेइतकीच संरक्षण म्हणूनही आवडली असणार.

फळ्यावर नाव लिहिण्यामागे अपमान करण्याचा हेतू नव्हता, असं ली कँटर यांनी नंतर सांगितलं. शिकवणं न थांबवता नोंद ठेवता यावी, एवढाच उद्देश होता. लोकांना तो अपमान वाटू लागल्यावर त्यांनी नावं हातातल्या नोंदवहीत लिहायचा सल्ला दिला. हा खुलासा मला खरा वाटतो, आणि खरी गोमही त्यातच दिसते. नाव ही शिक्षकाची नोंद आहे. मुलगा मध्ये का बोलला, हा प्रश्न त्या नोंदीत कुठेच नाही.

तो प्रश्न विचारणारी परंपरा कँटरांच्या बरीच आधीची आहे. 1920च्या दशकात व्हिएन्नामध्ये मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड आडलर यांनी मुलांसाठी मार्गदर्शन केंद्रं चालवली. माणसाला आपल्या गटात जागा हवी असते आणि चुकीचं वागणं हाही ती जागा मिळवण्याचा, चुकलेला का होईना, प्रयत्न असतो, असं ते मानत. त्यांचे शिष्य रुडॉल्फ ड्रायकर्स 1937 मध्ये अमेरिकेत आले, शिकागोत स्थिरावले आणि त्यांनी हे वर्गाच्या भाषेत उतरवलं. मुलाच्या गैरवागण्यामागे चार चुकीची उद्दिष्टं असू शकतात, असं त्यांनी सांगितलं : लक्ष वेधणं, सत्ता गाजवणं, सूड घेणं आणि ‘मला जमतच नाही’ असं दाखवून सुटका करून घेणं.

यातलं कोणतं, हे ओळखायची त्यांची युक्ती आजही दाद देण्यासारखी आहे. शिक्षकाने आधी स्वतःला काय वाटलं ते तपासायचं. नुसता वैताग आला तर मुलाला लक्ष हवं आहे. ‘बघतोच याला’ असं वाटलं तर सत्तेची चढाओढ आहे. मनाला लागलं तर सूड, आणि हात टेकावेसे वाटले तर मुलानेही हात टेकले आहेत. मग शांतपणे, आरोप न करता विचारायचं : “मी तुझ्याकडे जास्त बघावं असं तुला वाटतं, असं तर नाही ना?” अंदाज बरोबर असला तर मुलाच्या चेहऱ्यावर नकळत हसू उमटतं, ते टिपायचं. आपल्या तिसऱ्या बाकावरच्या मुलाचं उत्तर या पहिल्याच प्रश्नात निघालं, तर फळ्यावरचं नाव ही त्याच्यासाठी शिक्षा उरतच नाही. सगळा वर्ग बघेल अशा ठिकाणी त्याचं नाव लागलेलं असतं. शिडी नेमकी इथे फसते, आणि ती फसल्याची खूण सोपी आहे. दर आठवड्याला फळ्यावर तीच तीन-चार नावं असतात.

‘लोकशाही’ हा शब्द या परंपरेला चिकटला, त्यामागे 1930च्या दशकाच्या शेवटी आयोवात झालेले प्रयोग आहेत. कुर्ट लेविन हे नाझी जर्मनी सोडून आलेले मानसशास्त्रज्ञ. रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या सहकाऱ्यांसह त्यांनी दहा वर्षांच्या मुलांचे छोटे गट करून त्यांना मुखवटे बनवण्यासारखी कामं दिली. काही गटांचे प्रमुख हुकूमशाही वळणाचे, काहींचे लोकशाही, आणि काहींचे मुलांना मोकाट सोडून देणारे. हुकूमशाही गटांत प्रमुख खोलीत असेपर्यंत काम जोरात चाले आणि तो बाहेर पडला की ढेपाळे. लोकशाही गटांत प्रमुखाच्या जाण्याने फारसा फरक पडत नसे. तिसरा प्रकार वेगळा ठेवला होता हे अनेकदा विसरलं जातं. लोकशाही म्हणजे मोकळं रान नव्हे, हे त्या प्रयोगाच्या रचनेतच होतं.

मात्र ड्रायकर्सच्या पद्धतीतही एक चोरवाट आहे. शिक्षेऐवजी त्यांनी ‘तार्किक परिणाम’ सुचवले, म्हणजे कृतीशी संबंध असलेला परिणाम. भिंत रंगवली तर पुसायची, इथपर्यंत कुणाचीच हरकत नाही. पण खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवणाऱ्या मुलाला तासभर उभं करणं हाही तार्किक परिणाम, असं म्हटलं की शंका येते. शाळांतल्या बक्षिसांवर आणि शिक्षांवर टीका करणारे अमेरिकी लेखक अल्फी कोन यांनी 1996 मध्ये यावर बोट ठेवलं आणि या परिणामांना शिक्षेचीच सौम्य आवृत्ती म्हटलं. ओळखायचं कसं? शिक्षकाने परिणाम ठरवताना ‘आता याला कळेल’ असं मनात म्हटलं असेल तर ती शिक्षाच.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ विल्यम ग्लासर यांनी 1969 मध्ये वेगळी वाट दाखवली, ती वर्गसभेची. मुलांनी शिक्षकासह गोल बसायचं आणि वर्गाची अडचण सगळ्यांसमोर मांडायची. त्यांची एक अट कडक होती : चर्चा उपाय शोधण्यासाठीच, आणि उपायात शिक्षा किंवा दोष काढणं नको. ही अट पाळणं दिसतं त्याहून अवघड आहे. आपलाच वर्ग घ्या. बाई गोलात म्हणतात, “गणिताच्या तासाला मध्ये बोलणं होतं आणि मला उदाहरण पुरं करता येत नाही. काय करूया?” पहिली सूचना हमखास येते, “त्याला बाहेर काढा.” इथे बाई हो म्हणाल्या तर सभेचं न्यायालय झालं आणि तीस न्यायाधीश जमले. त्यांनी धीर धरून “ही शिक्षा झाली. उपाय काय?” असं विचारलं, तर एखादी मुलगी म्हणेल, की उदाहरण फार लांबतं आणि मध्ये शंका विचारायला जागाच नसते. दर दहा मिनिटांनी शंकांसाठी थांबायचं ठरतं आणि आठवडाभराने परत गोलात बसून ते जमलं का, ते बघायचं. मुलगा त्यानंतरही अधूनमधून बोलेल. पण आता तो मोडतो तो त्याने स्वतःच्या मताने ठरवलेला नियम.

यातून पुढची पायरी वर्गच समुदाय म्हणून घडवण्याची. कॅलिफोर्नियातल्या सॅन रॅमन इथे 1980च्या दशकात एरिक शॅप्स आणि सहकाऱ्यांनी ‘चाइल्ड डेव्हलपमेंट प्रोजेक्ट’ राबवला. त्यात बक्षिसं आणि शिक्षा मागे ठेवून गटात शिकणं, मोठ्या वर्गातल्या मुलांची लहानांशी जोडी आणि वर्गसभा यांवर भर होता. पुढे तो इतर ठिकाणी नेला तेव्हा फायदा मुख्यतः जिथे शिक्षकांचं वागणं खरोखर बदललं त्या शाळांत दिसला. म्हणजे ही पद्धत दोन दिवसांच्या शिबिरात विकत मिळत नाही. कँटरांची मिळत होती, आणि तिच्या यशाचं हे निम्मं कारण असावं.

ठाम शिस्तीचा परिणाम मोजणारे अभ्यास मात्र तिच्या पसाऱ्याच्या मानाने थोडेच होते. 1989 मध्ये रेंडर, पडिला आणि क्रँक यांनी उपलब्ध संशोधन चाळून ते दाव्यांना पुरत नाही असा निष्कर्ष काढला, आणि कँटरांशी त्यांची जाहीर जुंपली. या भांडणात मानसशास्त्रज्ञ जेकब कुनिन यांचं 1970 मधलं काम दोन्ही बाजूंना अडचणीचं ठरतं, म्हणूनच कदाचित त्याचा उल्लेख कमी होतो. वर्गांच्या चित्रफिती तपासून त्यांनी दाखवलं, की गडबड सुरू झाल्यावर शिक्षक ती कशी थांबवतो यावरून चांगला वर्ग आणि बिघडलेला वर्ग वेगळे ओळखता येत नाहीत. फरक आधी पडतो. शिक्षकाचं सगळीकडे लक्ष आहे हे मुलांना जाणवतं का, आणि एका कामातून दुसऱ्यात जाताना तास रेंगाळतो का, यावर.

कँटर स्वतःही बदलले. 1992 च्या आवृत्तीत अपेक्षित वागणूक शिकवण्यावर आणि कौतुकावर भर वाढला, आणि 2010 च्या आवृत्तीत मुलांशी नातं जोडण्यावर. कोन यांच्यासारख्यांना ही वरवरची रंगरंगोटी वाटली.

नाव मात्र फळ्यावर परतलं. 2011 मध्ये ‘क्लासडोजो’ हे ॲप आलं. प्रत्येक मुलाचं एक गमतीदार चित्र पडद्यावर, आणि शिक्षकाने बोट टेकवलं की त्याला गुण मिळतो किंवा वजा होतो. आपल्या तिसऱ्या बाकावरच्या मुलाच्या खुणा आता घरीही दिसतात. कँटरांच्या फळ्यावर त्या संध्याकाळपर्यंतच टिकत. ॲपवर त्या साठत राहिल्या, पालकांनी आणि इतरांनी हरकत घेतली, आणि 2014 मध्ये कंपनीने या नोंदी वर्षभरानंतर पुसून टाकण्याचं जाहीर केलं.