मधुमेही पादव्रण : ड्रेसिंगनंतरचे निगापत्रक

मधुमेहामुळे पायाला झालेल्या जखमेवर ड्रेसिंग केल्यावर रुग्णाला घरी नेण्यासाठी दिलेल्या लेखी सूचना. पट्टी कशी बदलायची, पायावर भार कसा टाळायचा आणि काय दिसताच दवाखाना गाठायचा, हे त्यात असते.

जखम ओलसर ठेवावी की कोरडी, यावर पत्रकांत एकवाक्यता नाही. खपली धरली म्हणजे जखम भरली, ही समजूत जुनी. संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या त्वचेवरील उथळ जखमा पॉलिथीनच्या पातळ पापुद्र्याने झाकल्या. उघड्या जखमांच्या मानाने त्यांवर जवळपास दुप्पट वेगाने नवी त्वचा आली. ओलसर ड्रेसिंगचा प्रघात सामान्यतः येथून धरतात. मात्र त्या जखमा ताज्या होत्या, जनावरे निरोगी होती. तळव्यावरच्या जुनाट व्रणाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही. अधिक ग्राह्य मत असे, की जखमेचा तळ ओलसर असावा आणि भोवतालची कातडी कोरडी. कडेची कातडी पांढरी पडून सुरकुतली, तर स्राव पट्टीत मावत नाही असे समजावे. रक्तपुरवठा थांबून काळे, कोरडे पडलेले बोट मात्र कोरडेच ठेवतात. चिकटलेले गॉज ओढून काढू नये, सलाइनने भिजवून सोडवावे. पाय पाण्यात बुडवून ठेवू नये.

धोक्याच्या लक्षणांचा भाग सर्वांत काळजीने वाचावा, कारण मधुमेहाने या पायाची संवेदना बहुधा गेलेली असते. दुखत नाही म्हणून रुग्ण त्याच पायावर चालत राहतो, आणि मग कितीही चांगली पट्टी असली तरी जखम भरत नाही. दुखण्याची वाट न पाहता डोळ्यांनी तपासावे लागते. समजा, अंगठ्याच्या मुळाशी तळव्यावर व्रण आहे. पट्टी बदलताना लालीच्या कडेवर पेनने रेघ ओढून ठेवली. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली, गॉजवरचा डाग पिवळसर-हिरवा झाला आणि पट्टी सोडताच दुर्गंधी आली. ताप नाही, तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. या रुग्णांत गंभीर संसर्गातही ताप नसू शकतो. जखमेच्या कडेपासून लाली २ सेंमी किंवा त्याहून पुढे गेली, तर संसर्ग किमान मध्यम स्वरूपाचा मानतात. खाण्यात व औषधांत बदल नसताना शुगर चढणे हीसुद्धा संसर्गाची खूण असू शकते. बधिर पाय अचानक दुखू लागला, तर संसर्ग खोलवर गेल्याची शंका घ्यावी. कातडी काळी पडणे, थंडी वाजून ताप येणे किंवा ग्लानी येणे यांत सकाळपर्यंत थांबू नये.

जखम आहे तशीच असून सगळे पाऊल गरम व सुजलेले दिसले, तर हाडे-सांधे खचण्याचा विकार, म्हणजे शार्को पाऊल, असू शकतो. त्याचा उल्लेख थोड्याच पत्रकांत आढळतो. अशा पायावर भार देणे लगेच थांबवून तो तपासून घ्यावा.