भिवंडीची गोदामे: भाडे जमिनीचे, साठवण उंचीची

मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल शिरला की जकात भरावी लागे, म्हणून तो मुंबई–आग्रा रस्त्यालगत भिवंडीच्या परिसरात उतरवून लागेल तसा शहरात नेला जाई. शिवाय १९५६च्या केंद्रीय विक्रीकर कायद्यानुसार परराज्यातील थेट विक्रीवर कर लागत असे, पण तेथील स्वतःच्याच गोदामात माल पाठवल्यास तो लागत नसे. त्यामुळे कंपन्या राज्याराज्यांत लहान गोदामे ठेवीत. गोदाम कोठे आणि केवढे असावे, हे मालापेक्षा करच अधिक ठरवीत होता.

त्या काळच्या पत्र्याच्या गाळ्यात हमाल हातांनी थप्पी लावत. माणसाचा हात पोहोचेल त्यापलीकडील उंची वापरात येत नव्हती, त्यामुळे दर महिन्याला चौरस फुटामागे भाडे आकारण्याची रीत त्या व्यवहाराला साजेशीच होती.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, जकात गेली आणि राज्याराज्यांतील गोदामांचे करविषयक कारण संपले. माल थोड्या, पण मोठ्या गोदामांत एकवटू लागला. तेथे रॅक आले, आणि उंचीला किंमत आली. भाडे मात्र चौरस फुटावरच राहिले.

याचा परिणाम एका काल्पनिक हिशेबातून पाहू. १०,००० चौरस फुटांत फिरण्याच्या वाटा सोडून एका थरात ४०० पॅलेट, म्हणजे माल रचलेल्या सपाट चौकटी, बसतात आणि प्रत्येक थराला पावणेदोन मीटर लागतात, असे धरू. पाच मीटर उंचीच्या जुन्या गाळ्यात दोन थर, म्हणजे ८०० पॅलेट मावतील. चौरस फुटाला १४ रुपये भाडे असेल, तर एका पॅलेटमागे महिन्याला १७५ रुपये पडतील. दहा मीटरच्या नव्या गोदामात वर आगप्रतिबंधक फवाऱ्यांसाठी मोकळी जागा सोडूनही पाच थर, म्हणजे २,००० पॅलेट बसतील. दर २१ रुपये असला, तरी पॅलेटमागे १०५ रुपयेच पडतील. दीडपट दराची जागा प्रत्यक्षात स्वस्त ठरते.

म्हणूनच करारात उंची कोठून कोठपर्यंत मोजली, हे लिहून घेणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. छताच्या मधल्या शिखरापर्यंतची उंची सांगितली जाते, पण उपयोगाची उंची जमिनीपासून सर्वांत खालच्या अडथळ्यापर्यंतचीच, मग तो अडथळा तुळई असो, दिवा असो वा फवाऱ्याची नळी. पाच थरांचा भार रॅकच्या खांबांखालील लहानशा तळपट्ट्यांवर एकवटतो. जुन्या गाळ्याची फरशी तेथेच तडकते, म्हणून फरशीची भारक्षमताही करारात हवी. रॅक बहुधा भाडेकरूच बसवतो, त्यामुळे बोल्टसाठी फरशीत पाडलेली छिद्रे जागा सोडताना कोणी बुजवायची, हेही आधीच ठरलेले बरे.

मालाच्या धक्क्यांचेही तसेच आहे: ट्रकच्या पाट्याच्या पातळीला येणारे, म्हणजे सुमारे चार फूट उंचीचे धक्के पुरेसे नसतील, तर २,००० पॅलेटची जागा असूनही ट्रक बाहेर ताटकळतात. शिवाय धक्क्यांवरील छपराचे क्षेत्र भाड्याच्या चौरस फुटांत धरले आहे की नाही, हे नकाशावर मोजूनच कळते.