बचत खात्याला ऑटो स्वीप कशी जोडावी, आणि ठेव मोडण्याऐवजी ओव्हरड्राफ्ट कधी घ्यावा

बचत खात्यात पडून राहणाऱ्या पैशाला स्टेट बँकेत जून २०२५ पासून वार्षिक २.५० टक्के व्याज मिळते आणि इतर बहुतेक मोठ्या बँकांचा दरही याच्याच आसपास आहे. खात्याला ऑटो स्वीप जोडल्यास आपण ठरवलेल्या मर्यादेवरची रक्कम बँक आपोआप मुदत ठेवीत वळवते. खात्यात पैसे कमी पडले, तर त्याच ठेवीतून हवी तेवढी रक्कम मोडून ती खात्यात परत आणली जाते. धनादेश, एटीएम किंवा यूपीआय यांपैकी कोणत्याही मार्गाने पैसे काढले, तरी ठेव मोडण्याचा वेगळा अर्ज द्यावा लागत नाही.

अर्ज करण्यापूर्वी एक फरक समजून घ्यावा, कारण शाखेत दोन्ही प्रकारांना सरसकट ‘स्वीप’ म्हणतात. स्टेट बँकेच्या ‘सेव्हिंग्ज प्लस’ खात्यात जास्तीची रक्कम आपोआप ‘मल्टी ऑप्शन डिपॉझिट’मध्ये, म्हणजे बोलण्यातल्या एमओडीत, जाते. काही बँकांत मात्र ठेव आपणच करायची असते आणि ती फक्त खात्याशी जोडली जाते. या दुसऱ्या प्रकारात ठेव मोडून पैसे आपोआप येतात, पण नवे पैसे ठेवीत आपोआप जात नाहीत. म्हणून पैसे दोन्ही दिशांनी आपोआप फिरणार का, हे काउंटरवर स्पष्ट विचारून घ्यावे.

केवायसी पूर्ण असलेल्या निवासी व्यक्तीला एकट्याच्या किंवा संयुक्त बचत खात्यावर ही सोय साधारणपणे घेता येते. आधीपासून खाते असलेल्याला नवी केवायसी कागदपत्रे सहसा द्यावी लागत नाहीत. विहित अर्ज, पासबुक आणि पॅनची प्रत पुरते, तरी आधारची प्रत जवळ असू द्यावी. पॅन खात्याला जोडलेले नसल्यास ते आधी जोडून घ्यावे, अन्यथा व्याजावरील करकपात १० ऐवजी २० टक्क्यांनी होते. एकट्याच्या नावाच्या खात्यासाठी अनेक बँकांच्या नेटबँकिंगमधून हे काम होते. खाते संयुक्त असेल तर मात्र शाखेत जाऊन सर्व खातेदारांच्या सह्यांचा अर्ज देण्याची तयारी ठेवावी. नामनिर्देशन बचत खात्यावर असले, तरी ते स्वीपच्या ठेवीवरही लागू होते का, याची त्याच वेळी खात्री करून घ्यावी.

अर्जातील सर्वांत महत्त्वाचा रकाना म्हणजे किती रकमेवरचे पैसे ठेवीत न्यायचे, ही मर्यादा. बहुतेक लोक बँकेने छापलेला किमान आकडाच तसाच ठेवतात आणि तिथेच चुकतात. मुदत ठेव किमान ७ दिवस राहिली नाही, तर तिच्यावर व्याज मिळत नाही. समजा, सांगलीच्या एका शिक्षिकेचा ६०,००० रुपये पगार १ तारखेला जमा झाला, मर्यादेवरची रक्कम लगेच ठेवीत गेली आणि ५ तारखेला घरकर्जाच्या हप्त्यासाठी त्यातले २०,००० रुपये परत आले. त्या चार दिवसांचे ठेवीचे व्याज तर मिळाले नाहीच, पण बचत खात्याचे साधे व्याजही बुडाले. पासबुकात अशा ये-जा करणाऱ्या नोंदींची रांग दिसू लागली, तर मर्यादा खूप खाली ठेवली गेली आहे, असे समजावे. हप्ते, भाडे, किराणा आणि शाळेची फी धरून महिन्याला जेवढी रक्कम खात्यातून जाते, तेवढी मर्यादा ठेवणे योग्य. बँक ती बदलून देत असेल, तर बदलून घ्यावी.

आता याच शिक्षिकेचे पूर्ण गणित पाहू. त्यांच्या खात्यात ३ लाख रुपये आहेत आणि मर्यादा ५०,००० रुपये ठेवल्यामुळे २,५०,००० रुपये ठेवीत गेले. एका वर्षाच्या ठेवीचा दर हिशेबासाठी ६ टक्के धरला, तर वर्षाला १५,००० रुपये व्याज होते. तीच रक्कम बचत खात्यात राहिली असती तर ६,२५० रुपये मिळाले असते. पाच महिन्यांनी त्यांना ८०,००० रुपये लागले. स्टेट बँकेची एमओडी १,००० रुपयांच्या पटीत मोडते, त्यामुळे तेवढाच भाग मोडतो आणि उरलेले १,७०,००० रुपये मूळ दरानेच चालू राहतात. मोडलेल्या भागाला ठरलेला ६ टक्के दर मिळत नाही. ठेव जितके दिवस राहिली तितक्या मुदतीचा दर लागतो आणि त्यातून दंड वजा होतो. पाच महिन्यांचा दर ५ टक्के आणि दंड अर्धा टक्का धरल्यास ८०,००० रुपयांवर १,५०० रुपये मिळतात. बचत खात्यात हेच व्याज सुमारे ८३३ रुपये झाले असते, म्हणजे दंड भरूनही त्या फायद्यातच आहेत.

खात्यातून वेगवेगळ्या तारखांना अनेक ठेवी झाल्या असतील, तर आधी कोणती मोडायची, हा पर्यायही अर्जात असतो. शेवटची ठेव आधी मोडणे बहुधा हिताचे ठरते, कारण नव्या ठेवीवर जमलेले व्याज थोडे असल्याने नुकसानही थोडे होते. दर उतरत असतील, तर जुन्या ठेवीचा चढा दरही टिकून राहतो.

ठेव मुदतीच्या जवळ आली असेल आणि पैसे थोड्याच दिवसांसाठी हवे असतील, तर मात्र ती मोडू नये. ती तारण ठेवून ओव्हरड्राफ्ट, म्हणजे लागेल तेवढीच उचल, घ्यावा. वरचीच ठेव दहा महिने जुनी आहे आणि ८०,००० रुपये वीस दिवसांसाठी हवे आहेत, असे धरू. मोडल्यास दहा महिन्यांचा दर दंड वजा जाता ५ टक्के मिळेल, असे मानले तरी मागच्या व्याजातले सुमारे ६६७ रुपये जातात. ओव्हरड्राफ्टचा दर अनेक बँकांत ठेवीच्या दरापेक्षा एक टक्का जास्त असतो आणि व्याज वापरलेल्या रकमेवर, वापरलेल्या दिवसांपुरतेच लागते. ७ टक्क्यांनी वीस दिवसांचे ३०७ रुपये होतात, तर तेवढ्याच दिवसांत त्याच ८०,००० रुपयांवर ठेवीचे २६३ रुपये मिळत राहतात. निव्वळ खर्च ४४ रुपये. ठेवीच्या व्याजावर प्राप्तिकर लागतो आणि घरगुती खर्चासाठी घेतलेल्या उचलीचे व्याज त्यातून वजा होत नाही, हे धरूनही फरक मोठाच राहतो.

त्यासाठी ओव्हरड्राफ्टचा अर्ज, कर्जाच्या करारावर सही आणि छापील ठेव पावती असल्यास तिच्या मागे सर्व ठेवीदारांच्या सह्या लागतात. उत्पन्नाचा दाखला किंवा जामीनदार सहसा मागत नाहीत, कारण तारण बँकेच्याच ताब्यात असते. करबचतीची पाच वर्षांची ठेव मात्र तारण म्हणून चालत नाही. ठेवीवर बँकेचा बोजा चढला की ती रक्कम स्वीपसाठी उपलब्ध राहत नाही. खात्यात पैसे असतील या भरवशावर दिलेला धनादेश अशा वेळी परत जाऊ शकतो.

स्वीपमधून मिळणारे व्याज हे मुदत ठेवीचे व्याज असते, त्यामुळे जुन्या करप्रणालीत बचत खात्याच्या व्याजावर मिळणारी १०,००० रुपयांची वजावट त्याला लागू होत नाही. एका बँकेतून वर्षाला ५०,००० रुपयांपेक्षा, ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत १ लाखापेक्षा, जास्त व्याज झाले की कर कापला जातो, आणि संयुक्त खात्यात ही कपात पहिल्या नावाच्या पॅनवर दिसते. ठेव विमाही बचत आणि स्वीप मिळून एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंतच असतो; दोन्हींना वेगवेगळा नसतो.

ओव्हरड्राफ्ट फेडून झाल्यावर खाते शून्यावर आले एवढ्यावर थांबू नये. ते बंद करण्याचा अर्ज द्यावा, ठेवीवरचा बोजा उतरल्याची नोंद पाहावी आणि पावती बँकेकडे असेल तर ती परत घ्यावी, कारण बोजा राहून गेल्यास मुदत संपल्यावरही रक्कम खात्यात जमा होण्यात अडचण येते.