लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघताना: बॅगेचं वजन, खाऊ, भेटी आणि औषधं

लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांच्या बॅगेत डिंकाचे लाडू, अहळीव, मेतकूट, गोधड्या, बाळलेणी आणि स्वतःची औषधं असा सगळा संसार असतो. यातलं बरंचसं नेता येतं. अडचण येते ती विमान कंपनीचं वजन, अमेरिकेच्या कस्टमचे खाद्यपदार्थांचे नियम आणि औषधांचे नियम या तीन वेगवेगळ्या गोष्टी एकच समजल्यामुळे. म्हणून एकेक करून बघू.

आधी तिकीट उघडा. त्यावर बॅगेजच्या रकान्यात `2PC`, `1PC` किंवा `23K` असं काहीतरी लिहिलेलं असतं. `2PC` म्हणजे प्रत्येक प्रवाशाला दोन बॅगा, आणि इकॉनॉमीत सहसा प्रत्येक बॅग २३ किलोपर्यंत. स्वस्त भाड्यात हल्ली एकच बॅग मिळू शकते, त्यामुळे शेजारच्यांना किती मिळालं यावर जाऊ नका. ही मर्यादा प्रत्येक बॅगेची असते. एक बॅग २६ किलोची आणि दुसरी २० ची, म्हणजे बेरीज ४६, हा हिशेब काउंटरवर चालत नाही. २६ किलोच्या बॅगेचे जादा पैसे लागतात आणि ३२ किलोवरची बॅग सहसा घेतच नाहीत. घरच्या काट्यावर २२ किलोला थांबलात तर विमानतळावर बॅग उघडून लाडूचे डबे इकडचे तिकडे करावे लागणार नाहीत.

समजा, नागपूरचं एक जोडपं मुंबईहून नेवार्कला निघालंय. दोघांना मिळून चार बॅगा, ९२ किलो. पण नागपूर–मुंबई तिकीट मुलाने नंतर वेगळं काढलंय आणि देशांतर्गत तिकिटावर प्रत्येकी १५ किलो, म्हणजे दोघांचे ३० किलोच आहेत. उरलेल्या ६२ किलोंचे पैसे नागपूरच्याच काउंटरवर भरावे लागतील, आणि ते किलोमागे मोजतात. हाच प्रवास एकाच बुकिंगमध्ये, एकाच पीएनआरवर असेल तर अमेरिकेला जाणाऱ्या तिकिटाची बॅगेज मर्यादा साधारणपणे पहिल्या विमानापासूनच लागू होते. तेव्हा तिकीट काढतानाच घरापासून शेवटच्या शहरापर्यंत एकत्र काढा. ते जमलं नसेल तर नागपूर–मुंबई रेल्वेने जाणं बरं.

आता खाऊ. अमेरिकेची तपासणी सहसा होते ती तुम्ही तिथे उतरता त्या पहिल्या विमानतळावर. पुढे दुसरं विमान असलं तरी बॅगा तिथेच ताब्यात घेऊन कस्टममधून न्याव्या लागतात. नियमांमागचं कारण कळलं की यादी पाठ करावी लागत नाही: त्यांच्या शेतात आणि गोठ्यात कीड किंवा रोग येऊ नये, एवढंच ते बघतात.

भारतातल्या धान्यात खापरा नावाचा भुंगेरा असतो, म्हणून प्रवाशाच्या सामानातून तांदूळ नेण्यावर २०११ पासून बंदी आहे. पुढे अख्खा हरभरा आणि छोलेही त्याच कारणाने अडले. आंबेमोहोराची पिशवी कितीही प्रेमाने भरली तरी ती तिथेच राहणार. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, त्यावरून लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरतो, म्हणून ताजी जुडी नको. ताजी फळं आणि भाज्याही नकोत. आपल्याकडे गुरांमध्ये लाळ्या-खुरकूत आहे, त्यामुळे मांस आणि मांस घातलेली सूपची पाकिटं अजिबात चालत नाहीत. दुधाच्या पदार्थांवरही याच कारणाने कडक नियम आहेत, तेव्हा पेढे, बर्फी, खवा घेऊच नका.

उलट भाजलेले आणि दळलेले पदार्थ बहुतेक सुटतात. पिठं, भाजणी, मेतकूट, मसाले, चकली, शंकरपाळे, खारीक, लोणचं यांना सहसा अडचण येत नाही. कोकणातल्या मंडळींना आनंद होईल: घरच्यापुरते सुके बोंबील आणि जवळा नेता येतो, कारण मासळीला मांसाचा नियम नाही. अहळीव मात्र कच्चं बी आहे. पेरता येईल असं बी दिसलं की अधिकारी थांबतात, म्हणून अहळीव सुटे न नेता त्याचे लाडू करूनच न्यावेत असं माझं मत आहे. घरचे पदार्थ पारदर्शक पिशवीत भरा आणि त्यावर नाव व घटक इंग्रजीत लिहा. शंका असेल त्या पदार्थाचं नाव अमेरिकेच्या कृषी खात्याच्या `aphis.usda.gov` या साइटवर शोधा.

दुबईमार्गे जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. अमिरातीत खसखस निषिद्ध आहे. दिवाळीच्या सुमारास जाताना अनारसे आणि करंजीचं सारण दोन्हीत ती असते. त्या मार्गाने जाणार असाल तर खसखस न घालता करा.

भेटवस्तूंची मर्यादा बहुतेकांच्या अंदाजापेक्षा कमी आहे. व्हिजिटर व्हिसावर येणाऱ्याला १०० डॉलरपर्यंतच्या भेटी करमुक्त नेता येतात, तेही किमान ७२ तास मुक्काम असेल आणि मागच्या सहा महिन्यांत ही सवलत घेतली नसेल तर. नवरा-बायकोची सवलत एकत्र करून २०० डॉलरची एक भेट करता येत नाही. बाळाच्या सोन्याच्या बिंदल्या यात बसणार नाहीत, त्यांचं बिल जवळ ठेवा आणि त्या जाहीर करा. अंगावरचे स्वतःचे रोजचे दागिने भेटीत मोजत नाहीत. भेटी कागदात गुंडाळून नेऊ नका, तपासायला फाडाव्या लागतात.

औषधं स्वतःपुरती आणि साधारण ९० दिवसांची न्यावीत. आपण जातो पाच-सहा महिन्यांसाठी, इथेच घोळ होतो. ९० दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या पाहुण्याला पुढची औषधं टपालाने मागवण्याची वाट आहे, पण त्यासाठी पासपोर्ट-व्हिसाची प्रत, डॉक्टरांचं पत्र आणि प्रिस्क्रिप्शन लागतं. म्हणून निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्या. त्यात आजार, रोजचा डोस आणि औषधाचं मूळ नाव हवं. आपल्याकडचं ब्रँडचं नाव तिथल्या अधिकाऱ्याला काही सांगत नाही. गोळ्या स्ट्रिपमध्येच ठेवा, डबीत काढू नका. स्ट्रिप कापताना नाव आणि मुदतीची तारीख जाणार नाही असं बघा. झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध असेल तर ते प्रिस्क्रिप्शनसह हातातल्या बॅगेत ठेवा आणि विचारण्याआधी सांगा. इन्शुलिनही हातातच ठेवा, त्याला १०० मिलिलिटरची मर्यादा नाही, फक्त सुरक्षा तपासणीत ते वेगळं काढून दाखवावं लागतं. शेजारच्यांनी त्यांच्या मुलासाठी दिलेली औषधं घेऊ नका, तुमच्या नावाचं प्रिस्क्रिप्शन त्या औषधांना लागू होत नाही.

उतरल्यावर अधिकारी विचारतो, खाण्याचं काही आणलंय का? अनेक आजी घाबरून ‘नो’ म्हणतात. उत्तर ‘येस’ द्या, आणि लाडू, पीठ, लोणचं असं सगळं सांगा. जाहीर केलेला पदार्थ निषिद्ध निघाला तर ते फक्त काढून घेतात. लपवलेला सापडला तर दंड होतो, आणि तो १०,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. इंग्रजीची भीती वाटत असेल तर सगळ्या बॅगांतल्या खाऊची इंग्रजी यादी कागदावर छापून पासपोर्टमध्ये ठेवा आणि तीच पुढे करा.