शून्याच्या अलीकडचा करंट, पलीकडचा करंट: आद्यमूल्य आणि अंतिममूल्य प्रमेयांची पार्श्वभूमी

ट्रान्झिअंटचं गणित लाप्लास रूपांतराने सोडवून झाल्यावर करंटच्या रूपांतराला, म्हणजे I(s) ला, s ने गुणायचं, s अनंताकडे नेऊन सुरुवातीचा करंट पाहायचा आणि s शून्याकडे नेऊन स्थिरावलेला करंट पाहायचा, ही सवय आज सगळ्यांच्या हाताला असते. उलट रूपांतर करण्याआधीच उत्तराची दोन टोकं कळतात. पण या युक्तीत जो s गुणायचा असतो, तो मुळात वेगळा नव्हताच.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तारायंत्राच्या लांब तारांमधला करंट काढण्यासाठी जी ऑपरेटर पद्धत आली, तिच्यात स्थिर राशीची प्रतिमा तीच स्थिर राशी असे. १० व्होल्टची बॅटरी म्हणजे १०, 10/s नव्हे. त्यामुळे ऑपरेटर खूप मोठा मानला की सुरुवातीचं मूल्य आणि शून्य मानला की अखेरचं मूल्य थेट समोर येई. ते वेगळं प्रमेय आहे असंही कुणाला वाटत नसावं. गणितज्ञांना ही पद्धत खपली नाही, कारण सिद्धतेच्या जागी ‘उत्तर बरोबर येतं’ एवढाच आधार होता. पुढे १९२० आणि १९३० च्या दशकांत तिला लाप्लास समाकलाचा पाया मिळाला. त्या बदलात s चा एक घटक प्रतिमेतून बाहेर पडला आणि प्रमेयात sI(s) असा परत आला. एककांतही हे दिसतं: I(s) हे अँपिअर-सेकंद आहे, sI(s) हे अँपिअर. गुणायला विसरलात तर एककच बोंब मारतं.

शुद्ध गणितात याचं मूळ आणखी मागे, १८२६ च्या घातश्रेणींवरच्या एका प्रमेयात आहे. मूल्य स्थिरावत असेल तर रूपांतराची सीमाही तीच येते, ही सरळ दिशा त्यातून मिळते. उलट दिशेला जादा अट लागते, हे १८९७ मध्ये दाखवलं गेलं. अंतिममूल्य प्रमेय वापरताना ‘सगळे पोल डाव्या अर्धप्रतलात हवेत, फार तर एक s = 0 वर चालेल’ असं जे बजावतात, ते त्या जादा अटीचंच व्यवहारातलं रूप. नुसत्या इंडक्टर आणि कपॅसिटरच्या मंडलात I(s) = 1/(s²+1) आला तर s → 0 केल्यावर sI(s) ची सीमा शून्य मिळते, पण करंट sin t आहे आणि तो कुठेच स्थिरावत नाही.

खरा घोळ मात्र एका बारीक चिन्हाचा आहे: समाकल शून्याच्या अलीकडून सुरू करायचा (0⁻) की पलीकडून (0⁺)?

१९४० च्या दशकात ही पद्धत विद्युत अभियांत्रिकीच्या वर्गांत शिरली तेव्हा 0⁺ घेणारी मांडणी बरीच चालली. तिच्यात स्विच पडल्यानंतरच्या क्षणाची मूल्यं आधी माहीत हवीत. आवेग फलन, म्हणजे इम्पल्स, तेव्हा वापरात होतं, पण त्याला काटेकोर गणिती घर मिळालं ते १९५० च्या आसपास. शून्यावर बसलेला इम्पल्स समाकलात धरायचा तर सुरुवात अलीकडूनच करावी लागते. तरीही दोन्ही प्रथा शेजारी शेजारी चालत राहिल्या. एकाच पुस्तकात व्याख्या एका प्रथेची आणि गुणधर्मांची सारणी दुसऱ्या प्रथेची, असंही दिसतं. हा वाद केवळ आवडीनिवडीचा आहे असं काही जण म्हणतात. ताळा पाहणाऱ्याच्या दृष्टीने तो तसा नाही.

एक मंडल घेऊ. १० व्होल्टचा स्रोत, २ ओहम आणि १ हेन्री हे सगळे सरीत. त्यांच्याच सरीत पुढे ३ ओहम आणि ४ हेन्री आहेत, पण त्या जोडीला समांतर स्विच बंद आहे, म्हणून तिच्यात करंट नाही. पहिल्या इंडक्टरमध्ये स्थिरावलेला करंट ५ अँपिअर. t = 0 ला स्विच उघडतो. आता एकूण ५ ओहम, ५ हेन्री आणि एकच करंट. 0⁻ ची प्रथा धरली तर पहिल्या इंडक्टरच्या जुन्या करंटमुळे 1 × 5 = 5 हे पद येतं:

```
10/s + 5 = (5 + 5s) I(s)
I(s) = (s + 2) / ( s(s + 1) )
```

s → ∞ केल्यावर sI(s) ची सीमा १ अँपिअर, s → 0 केल्यावर २ अँपिअर. दुसरी लगेच पटते, १० भागिले ५. पहिलीपाशी मात्र विद्यार्थी अडतो: इंडक्टरमधला करंट उडी मारत नाही ना, मग ५ चा १ कसा झाला? त्याला आपलंच गणित चुकलंय असं वाटतं. पण आधी फ्लक्स-बंध १ × ५ = ५ होता, नंतर ५ × १ = ५ आहे. टिकतो तो एकूण फ्लक्स-बंध. प्रत्येक इंडक्टरचा करंट टिकायचा तर व्होल्टेज मर्यादित असावं लागतं, आणि इथे ते नाही. पहिल्या इंडक्टरवरचं व्होल्टेज काढलं तर −4 + 1/(s+1) येतं. तो सुटा −4 म्हणजे इम्पल्स. त्याला s ने गुणून सीमा घेतली की ती उणे अनंताकडे पळते, म्हणून आद्यमूल्य प्रमेय लावण्याआधी असा स्थिरांक बाजूला काढायचा. उरलेल्या भागातून १ व्होल्ट मिळतो. दुसऱ्या इंडक्टरवर तसेच ४ व्होल्ट आणि +4 चा इम्पल्स. दोन्ही इम्पल्स एकमेकांना खातात आणि १० − ५ = १ + ४ जमतं. (ऊर्जा १२.५ जूलवरून २.५ वर आली. उरलेले १० जूल खऱ्या स्विचच्या टोकांवर ठिणगीत जातात.)

आता हेच 0⁺ च्या प्रथेने सोडवा. उजवीकडे नवा करंट आधीच भरावा लागतो. कुणी ‘करंट उडी मारत नाही’ म्हणून ५ भरला, तर 10/s + 25 होतं आणि sI(s) ची सीमा मुकाट ५ परत देते. जे घातलं तेच बाहेर आलं, आणि ताळा ‘बरोबर’ म्हणाला. २००७ च्या सुमारास या प्रश्नावर पुन्हा जोरात लिहिलं गेलं आणि 0⁻ ची बाजू घेतली गेली, ती मला योग्य वाटते. अलीकडचा करंट घालून पलीकडचा बाहेर येतो, तेव्हाच प्रमेय काहीतरी नवं सांगतं.

दोन टोकं जुळली म्हणून मधलं बरोबर असतंच असंही नाही. वरच्या उदाहरणाचं उत्तर 2 − e^(−t). कुणी चुकून 2 − e^(−3t) लिहिलं तरी टोकं १ आणि २ च. अशा वेळी आणखी एक पायरी चढायची: s( sI(s) − 1 ) म्हणजे s/(s+1), आणि s → ∞ केल्यावर ही सीमा १ येते. सुरुवातीचा चढ १ अँपिअर प्रति सेकंद हवा. चुकलेल्या उत्तराचा चढ ३ आहे.